मॉर्फिन सुरू होईल त्याच रात्री रेचकही: बद्धकोष्ठ पहिल्या दिवसापासून कसं रोखायचं

कॅन्सरच्या रुग्णांच्या घरी मी परिचारिका म्हणून जाते. दुखणं किती आहे हे विचारून झालं की माझा पुढचा प्रश्न असतो, "शेवटचं पोट कधी साफ झालं?" बहुतेक घरांत थोडी शांतता पसरते. मग कोणी म्हणतं, "परवा... नाही, रविवारी." रुग्ण मान वळवतो. मग कुणीतरी हमखास म्हणतं, "पण ताई, ते खातच नाहीत काही, तर होणार कुठून?"

हा समज आधी दूर करू. शौच फक्त खाल्लेल्या अन्नाची नसते. आतड्याच्या अस्तराच्या झडलेल्या पेशी, जंतू आणि चिकट स्राव यांचाही तिच्यात मोठा भाग असतो. पेज आणि दोन घोट चहावर असलेल्या माणसाच्या पोटातही ती रोज तयार होत राहते. जेवण कमी असेल तर शौच थोडी होईल, पण व्हायला हवीच.

मॉर्फिन आतड्याला काय करतं

मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, फेंटानिल ही सगळी ओपिऑइड गटातली औषधं. मेंदूत आणि मज्जारज्जूत ती ज्या जागी चिकटून दुखणं कमी करतात, तशाच जागा आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंच्या जाळ्यावरही असतात. तिथे औषध बसलं की अन्न पुढे ढकलणाऱ्या लाटा मंदावतात. आतडं जागच्या जागी आवळत राहतं, माल मात्र पुढे सरकत नाही. पाचक रस कमी सुटतात आणि शौच जितका वेळ आत पडून राहते तितकं तिच्यातलं पाणी शोषलं जातं. शिवाय गुदद्वाराचा स्नायू आवळलेला राहतो, त्यामुळे भावना झाली तरी बाहेर पडायला त्रास होतो.

मॉर्फिनने सुरुवातीला येणारी गुंगी आणि मळमळ बहुतेकांची काही दिवसांत ओसरते, कारण शरीराला त्यांची सवय होते. बद्धकोष्ठाची सवय मात्र होत नाही. सहा महिने मॉर्फिन घेतलं तर सहा महिने आतडं मंदच राहतं. म्हणून "आधी बघू, त्रास झाला तर देऊ" हा विचार इथे चालत नाही. दुखण्याच्या गोळीची पहिली मात्रा ज्या दिवशी पोटात जाते, त्याच रात्री रेचक सुरू व्हायला हवं आणि ओपिऑइड चालू आहे तोवर ते रोज चालू राहायला हवं.

चिठ्ठीवर रेचक लिहिलेलं नसेल तर डॉक्टरांना तिथेच विचारा, "या गोळीने पोट धरतं ना, त्यासाठी रोज काय द्यायचं?" मॉर्फिन परवाना असलेल्या मोजक्या ठिकाणीच मिळतं. त्यासाठी लोक तालुक्याहून शहरात येतात, रांगा लावतात, आणि मग चौथ्या दिवशी पोट आवळून आलं म्हणून रुग्ण स्वतःच गोळी घ्यायचं थांबवतो. दुखणं परत येतं. हे बघताना फार वाईट वाटतं, कारण ते टाळता येण्यासारखं असतं.

कोणतं रेचक, आणि कोणतं नाही

इथे कामाला येणारी रेचकं दोन प्रकारची आहेत. पहिली आतड्याला चालना देणारी: बिसाकोडिल, सोनामुखीपासून केलेली सेनोसाइडची गोळी, सोडियम पिकोसल्फेट. दुसरी आतड्यात पाणी धरून ठेवून शौच मऊ करणारी: लॅक्ट्युलोजचं गोड सिरप आणि मॅक्रोगोलची पावडर. ओपिऑइडने चाल मंदावते आणि पाणीही आटतं, म्हणून अनेकांना दोन्ही लागतात. सुरुवात बहुधा चालना देणाऱ्या रेचकाने होते. मोठ्या माणसाला रात्री बिसाकोडिल 5 मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, किंवा सेनोसाइडच्या दोन गोळ्या, ही नेहमीची सुरुवातीची मात्रा. जोडीला लागलं तर लॅक्ट्युलोज 15 ते 30 मिलिलिटर, किंवा 17 ग्रॅम मॅक्रोगोल पेलाभर पाण्यात विरघळवून. तुमच्या रुग्णासाठी नेमकं काय आणि किती, ते डॉक्टर ठरवतील. मूत्रपिंड, हृदय आणि आधीची ऑपरेशनं बघून हे बदलतं.

बिसाकोडिलबद्दल एक बारकावा आपल्या घरांत फार महत्त्वाचा ठरतो. या गोळीवर एक आवरण असतं, ती पोटातून जाऊन आतड्यात विरघळावी म्हणून. ती दुधाबरोबर किंवा अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधाबरोबर घेतली तर आवरण पोटातच सुटतं आणि कळा येतात. आपल्याकडे पोट साफ होण्यासाठी रात्री कोमट दूध-तूप द्यायची पद्धत आहे, आणि गोळीही त्याच पेल्यासोबत दिली जाते. दूध द्यायचं तर द्या, पण गोळीपासून निदान तासभर लांब. गोळी पाण्याबरोबर, अख्खी गिळायची. तोंडाच्या कॅन्सरमुळे नाकातल्या नळीतून आहार चालू असेल तर ही गोळी कुटून नळीतून घालू नका. तिथे पातळ औषधं लिहून मागा.

बिसाकोडिलचा परिणाम साधारण 6 ते 12 तासांत दिसतो, म्हणून रात्रीची गोळी सकाळी काम करते. लॅक्ट्युलोजला मात्र एक ते दोन दिवस लागतात. संध्याकाळी चमचा दिला आणि सकाळी काही झालं नाही म्हणून "याचा उपयोग नाही" असं ठरवू नका. त्याने गॅस होतो, पोट गुडगुडतं. फारच फुगलं तर त्याऐवजी मॅक्रोगोल देता येतं का ते विचारा.

आता इसबगोल. घरातला पहिला उपाय हाच असतो, आणि इथे तो उलट पडू शकतो. इसबगोल पाणी शोषून फुगतं आणि शौचेचा आकार वाढवतं. निरोगी माणसाचं आतडं तो गोळा पुढे ढकलतं. मॉर्फिनवरचं आतडं ढकलत नाही, रुग्ण पुरेसं पाणी पीत नाही, आणि फुगलेला गोळा आत अडकून बसतो. भरपूर कोंडा आणि कच्च्या कोशिंबिरींच्या आग्रहाचंही तेच. पपई, भिजवलेल्या मनुका, गरम पाणी, पातळ भाजी रुग्णाला आवडत असेल तर जरूर द्या, पण ते रेचकाची जागा घेणार नाही. बाजारातल्या पोट साफ करणाऱ्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. ते चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, नाहीतर एकच औषध दोन नावांनी दुप्पट जातं. एरंडेलाने कळा येतात आणि जुलाबाने अशक्तपणा वाढतो, म्हणून रोजच्यासाठी ते नको.

पहिल्या दिवशी काय करायचं

पहिली गोळी देण्याआधी एका वहीत रुग्णाची नेहमीची सवय लिहा: आजारपणाआधी रोज जायचे की दिवसाआड, शेवटचं कधी झालं, कशी झाली. आधीच तीन-चार दिवस झालेलं नसेल तर ते त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, कारण आधी साठलेलं मोकळं करावं लागतं.

त्यानंतर रोज एकच ओळ. तारीख, शौच झाली का, किती वाजता, कशी होती, कुंथावं लागलं का, आणि त्या दिवशी मॉर्फिन व रेचक किती दिलं. "कशी" यासाठी तीन शब्द पुरतात: खडे, मऊ, पातळ. आपल्याला हवी आहे मऊ शौच, फार न कुंथता, रोज किंवा निदान दिवसाआड. पूर्ण दोन दिवस कोरडे गेले की रेचक वाढवायचं. कसं वाढवायचं हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेलं असावं, म्हणजे शनिवारी रात्री फोन शोधत बसावं लागत नाही. तिसरा दिवसही कोरडा गेला तर रुग्णाला कोणी तरी तपासायला हवं.

संडासची सोयही पहिल्याच दिवशी बघा. न्याहारीनंतर किंवा गरम चहानंतर अर्ध्या तासात आतड्याला आपसूक चालना मिळते, ती वेळ वाया घालवू नका. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल ठेवा, गुडघे कमरेपेक्षा वर यायला हवेत. भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नसेल तर खोलीतच खुर्चीचा कमोड आणा आणि दार लावून बाहेर थांबा. सुनेच्या किंवा मुलाच्या हातून बेडपॅन घ्यायला लाजून कितीतरी म्हातारी माणसं कळ दाबून ठेवतात. औषध बरोबर असूनही पोट साफ होत नाही, त्याचं कारण कधी कधी एवढंच असतं.

एक उदाहरण, दिवसागणिक

नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून एक उदाहरण मांडते. स्तनाचा कॅन्सर मणक्यात गेलेल्या 64 वर्षांच्या एक काकू. ट्रॅमाडॉलने भागेना म्हणून मॉर्फिन सुरू झालं: 10 मिलिग्रॅमची अर्धी गोळी सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 वाजता, आणि रात्री 10 ला अख्खी, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागू नये. शेवटचं पोट साफ झालं आदल्या दिवशी, थोडे खडे. त्याच रात्री बिसाकोडिलच्या दोन गोळ्या सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी खूप कुंथून थोडेसे खडे आले. वहीत "शौच झाली" एवढंच लिहिलं असतं तर सगळं ठीक वाटलं असतं. "खडे, कुंथावं लागलं" असं लिहिलं म्हणून शौच कोरडी होत असल्याचं कळलं. डॉक्टरांनी लॅक्ट्युलोज 15 मिलिलिटर दोन वेळा जोडलं. पाचव्या दिवशी मऊ शौच झाली.

त्याच दिवशी दुखणं अजून शिल्लक होतं म्हणून मॉर्फिन वाढवलं, अर्धीच्या जागी अख्खी गोळी आणि रात्री दोन. म्हणजे दिवसाचं 30 चं 60 मिलिग्रॅम झालं. दुखण्याची गोळी वाढली की रेचकाचाही त्याच दिवशी विचार करायचा, पण ते इथे राहून गेलं. शिवाय मळमळीसाठी ऑनडानसेट्रॉन सुरू झालं, आणि त्यानेही पोट धरतं. लोहाच्या गोळ्या आणि नसांच्या दुखण्यासाठी रात्री दिलं जाणारं अमिट्रिप्टिलिन यांचंही तसंच.

सहावा, सातवा, आठवा दिवस कोरडा गेला. नवव्या दिवशी सकाळी चादरीला पिवळट पाण्याचे डाग. मुलगी म्हणाली, "आईला जुलाब लागले," आणि तिने रेचक बंद करून घरात होती ती जुलाब थांबवायची गोळी द्यायला काढली.

इथे थांबायला हवं. आधी तीन दिवस काही झालेलं नाही आणि मग अचानक पाण्यासारखं, थोडं थोडं, नकळत सुटतंय, पोट मात्र जड आणि भरलेलं वाटतंय, तर ते बहुधा जुलाब नसतात. खाली घट्ट गोळा अडकलेला असतो आणि वरची पातळ शौच त्याच्या कडेने झिरपत असते. जुलाब थांबवणाऱ्या गोळीने कुलूप आणखी पक्कं होतं. अशा वेळी गुदद्वारातून बोट घालून तपासणी व्हायला हवी, आणि ती डॉक्टर किंवा परिचारिकेनेच करावी.

काकूंची केमोथेरपी बंद होऊन बरेच महिने झाले होते आणि रक्तातल्या पेशी ठीक होत्या, म्हणून तपासणी करता आली. खाली कडक शौच होती. आधी सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारात ठेवायची औषधाची वडी: ग्लिसरीनची मऊपणासाठी आणि बिसाकोडिल 10 मिलिग्रॅमची चालना देण्यासाठी. रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. बिसाकोडिलची सपोझिटरी आतल्या भिंतीला टेकायला हवी. शौचेच्या गोळ्यातच रुतली तर काही घडत नाही. तासाभरात थोडं मोकळं झालं, उरलेलं संध्याकाळी एनिमाने निघालं. त्यानंतर बिसाकोडिल तीन गोळ्यांवर नेलं, लॅक्ट्युलोज 20 मिलिलिटर दोन वेळा केलं, आणि मळमळीचं औषध रोजच्याऐवजी लागेल तेव्हाच ठेवलं. दोन दिवसांत दिवसाआड मऊ शौच सुरू झाली. मॉर्फिन कमी करावं लागलं नाही.

केमोथेरपी चालू असेल आणि पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी असतील तर गुदद्वारातून काहीही घालू नका, ना सपोझिटरी ना एनिमा. छोट्याशा जखमेतून जंतू रक्तात जाऊ शकतात किंवा रक्तस्राव होऊ शकतो. गुदद्वाराचं किंवा खालच्या आतड्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तरीही नाही. फॉस्फेटचा तयार एनिमा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना आणि अशक्त वृद्धांना धोक्याचा ठरू शकतो, म्हणून दुकानातून आणून घरीच देऊन टाकू नये.

रेचक देऊ नये अशी वेळ

पोट ताणून फुगलंय, कळा येऊन जातात, वारा सरणंही बंद झालंय आणि उलट्या होताहेत, तर आतड्यात अडथळा असू शकतो. पोटातल्या किंवा अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये हे विशेष घडतं. अशा वेळी चालना देणारं रेचक दिलं तर बंद दारावर धक्के मारल्यासारखं होतं. दुखणं वाढतं आणि आतडं फाटण्याचा धोका असतो. एकही रेचक न देता हॉस्पिटलात जा.

पाठीच्या मणक्यात कॅन्सर असताना बद्धकोष्ठाबरोबर पायातली ताकद कमी झाली, लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर मज्जारज्जूवर दाब आला असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी हॉस्पिटल. खूप तहान, वारंवार लघवी, सुस्ती आणि असंबद्ध बोलणं असेल तर रक्तातलं कॅल्शियम तपासायला सांगा. ते वाढलं तरी पोट धरतं आणि त्याचा उपचार वेगळा आहे. वृद्ध माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखं करू लागला किंवा लघवी तुंबली, तर वहीत शौचेची ओळही बघा. भरलेल्या पोटाने हे दोन्ही होऊ शकतं.

ऑपरेशननंतर

गुडघा, कंबर, हर्निया, सिझेरियन: घरी सोडताना चिठ्ठीवर ट्रॅमाडॉल किंवा टॅपेंटाडॉल असतं. मुक्काम छोटा, गोळ्या आठवडाभराच्याच, म्हणून पोटाकडे कोणाचं लक्ष जात नाही. पण भुलीचा परिणाम, अंथरुणावर पडून राहणं, कमी जेवण आणि ही गोळी असं सगळं एकत्र येतं, आणि ताज्या टाक्यांवर कुंथण्याची वेळ येते. मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर तर पहिल्या कडक शौचेची भीतीच रुग्णाला चार दिवस संडासपासून लांब ठेवते. घरी सोडतानाच शल्यविशारदांना विचारा की रेचक कोणतं, आणि आज रात्रीपासून द्यायचं का.

हा प्रश्न पोटाच्या ऑपरेशनात अधिक जपून विचारायचा. आतडं कापून जोडलेलं असेल तर चालना देणारं औषध कधी सुरू करायचं हे फक्त ऑपरेशन करणारे डॉक्टर सांगू शकतात. तोवर वारा सरतो का, पोट फुगतंय का, एवढंच बघत राहा. बाकी ऑपरेशनांत चालायला परवानगी मिळाली की दिवसातून तीन-चार वेळा घरातल्या घरात फेऱ्या, आणि दुखणं सहन होईल तसं ओपिऑइड कमी करून साध्या पॅरासिटामॉलवर यायचं.

एवढं करूनही होत नसेल तर

दोन प्रकारची रेचकं पुरेशा मात्रेत रोज घेऊनही पोट साफ होत नसेल, तर डॉक्टरांकडे अजून मार्ग असतात. मॉर्फिनऐवजी फेंटानिलचा पॅच लावता येतो. त्याने बद्धकोष्ठ तुलनेने कमी होतं. मेथिलनाल्ट्रेक्झोन, नाल्डेमेडिन अशी काही औषधं आतड्यातल्या जागांवरून ओपिऑइडला हटवतात पण मेंदूपर्यंत फारशी पोचत नाहीत, त्यामुळे दुखण्यावरचा परिणाम टिकतो. अडथळा असताना ती चालत नाहीत, आणि ती महाग असतात.

डॉक्टरांना फोन कराल तेव्हा वही समोर ठेवा. "पोट साफ नाही" यापेक्षा "तीन दिवस काही नाही, त्याआधी खडे होते, मॉर्फिन दिवसाला 60, बिसाकोडिल दोन, उलटी नाही, वारा सरतोय" असं सांगितलं की फोनवरच योग्य सल्ला मिळतो.

एकदा पातळ शौच झाली तर त्या रात्रीचं रेचक वगळा आणि पुढच्या रात्री कमी मात्रेने सुरू करा. आठवडाभर बंद ठेवू नका, चौथ्या दिवशी परत खडेच होतील. बद्धकोष्ठ वाढलं म्हणून मॉर्फिनही आपल्या मनाने बंद करू नका. दुखणं तर परत येतंच, आणि बरेच दिवस घेतलेलं औषध एकदम तोडल्याने अंग थरथरणं, घाम, अस्वस्थपणा सुरू होतो. डॉक्टरांनी ओपिऑइड हळूहळू कमी करून थांबवलं तरी रेचक त्याच दिवशी थांबवायचं नसतं. आतडं पूर्वपदावर यायला थोडे दिवस लागतात. रोज मऊ शौच होऊ लागली की एकेक गोळी कमी करत जा.